गॅस, रॉकेल आणि मेण: कोणती ज्योत किती काजळी धरते, हे घरीच कसं पाहायचं

शेगडीवरच्या पातेल्याचं बूड वर्षानुवर्षं लखलखीत राहतं आणि रॉकेलच्या चिमणीवर क्षणभर धरलेली ताटली मात्र काळी होते. याचं कारण विचारलं की बहुतेक जण सांगतात, ‘गॅस स्वच्छ, रॉकेल घाण.’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. कोल्हापुरात एकाच आळीत सिलिंडर, देवापुढची मेणबत्ती, माळ्यावर पडलेला जुना कंदील आणि जवळच्या गावात कुणाच्या तरी परसात गोबर गॅस असं सगळं सापडतं. त्यामुळे उरलेलं अर्धं उत्तर स्वतःच्या हातानं शोधता येतं.

लागणारं सामान थोडं आहे: स्टीलचे तीन चमचे, चमचा धरायला सांडशी, स्टीलची पट्टी, साधी पांढरी मेणबत्ती, काचेचा कंदील किंवा चिमणी, आणि सिगारेट पेटवायचा ज्योतीचा लायटर. शेगडी पेटवायचा ठिणगीचा लायटर इथे कामाचा नाही. ज्योतीच्या लायटरमध्ये ब्युटेन असतं. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, म्हणजे हा लायटर सिलिंडरचा सख्खा भाऊच. खिडकी उघडी ठेवा, पण झुळूक ज्योतीवर येऊ देऊ नका. शेजारी पाण्याचं पातेलं ठेवा. रॉकेलऐवजी पेट्रोल किंवा थिनर कधीही वापरू नका.

पहिली पायरी. शेगडी पेटवून थंड, कोरडा चमचा निळ्या ज्योतीत तीन सेकंद धरा. त्यावर आधी बाष्प धरेल आणि लगेच उडून जाईल, काळं काही उमटणार नाही. आता दुसरा चमचा लायटरच्या पिवळ्या ज्योतीत तेवढाच वेळ धरा. या वेळी काळा डाग पडेल. इंधन जवळजवळ तेच असूनही निकाल उलटा आला. फरक हवेचा आहे. शेगडीत बारीक जेटमधून सुटलेला गॅस बर्नरपर्यंत जाताना नळीतच हवा ओढून घेतो आणि मिसळूनच पेटतो. लायटरमध्ये गॅस आधी बाहेर येतो आणि हवा त्याला बाहेरच्या कडेनं, हळूहळू भेटते. म्हणून इंधनांची तुलना करायची असेल तर शेगडी बाजूला ठेवा. लायटर, चिमणी आणि मेणबत्ती या तिन्हींत हवा बाहेरूनच मिळते, तेव्हा याच तिघांची तुलना न्यायाची.

दुसरी पायरी. मेणबत्तीची वात साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर कापा आणि ज्योत स्थिर होऊ द्या. चमचा आधी शेंड्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर धरा, मग थेट पिवळ्या भागात धरा. वर जवळजवळ काही धरत नाही, आत मात्र लगेच काळं होतं. याचा अर्थ काजळी प्रत्येक पिवळ्या ज्योतीत तयार होतच असते. पिवळा उजेड हा त्या तापलेल्या कणांचाच उजेड आहे. शेंड्याशी हवा गाठेपर्यंत कण जळून गेले तर धूर दिसत नाही. ते आधीच साधारण हजार अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाले तर जळणं थांबतं आणि तेच छताला जाऊन चिकटतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ: हवा सारखीच बाहेरून मिळत असली तरी काही इंधनं जास्त काजळी का धरतात? पिवळ्या भागाच्या पोटात प्राणवायू जवळजवळ पोचत नाही, उष्णता मात्र भरपूर असते. तिथे इंधनाचे रेणू जळत नाहीत, तुटतात. गोबर गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. मिथेनच्या रेणूत एकच कार्बन असतो आणि त्याच्याभोवती चार हायड्रोजन. कार्बन-कार्बन जोड त्यात नाहीच. काजळी व्हायची तर आधी त्याला हायड्रोजन गमवावा लागतो, मग दोन तुकड्यांना एकमेकांशी जुळावं लागतं. एवढा वळसा पूर्ण होईतो हवा त्याला गाठते. ब्युटेनमध्ये चार कार्बनांची साखळी आधीच आहे. रॉकेलमध्ये ती बहुतेक दहा ते सोळा कार्बनांची असते, मेणात वीस-तीस किंवा त्याहून जास्त. कार्बन-कार्बन जोड हा कार्बन-हायड्रोजन जोडापेक्षा कमजोर असतो. त्यामुळे तापताच साखळी मधेच तुटते आणि दोन-दोन कार्बनांचे तुकडे, म्हणजे इथिलीन आणि त्यातून ॲसिटिलीन, तयारच हाती येतात. तेच जुळून बेंझिनसारखी कडी बनतात, कड्यांना कड्या चिकटून पत्रे होतात, आणि पत्र्यांचे थर म्हणजे काजळी.

‘मोठ्या रेणूला जास्त हवा लागते म्हणून धूर’ असंही सांगतात. ते जपून घ्यावं. एक लिटर मिथेनला साधारण दहा लिटर हवा लागते आणि एक लिटर ब्युटेनला एकतीस, हे खरं. पण वजनानं पाहिलं तर एक ग्रॅम मिथेनला सुमारे १७ ग्रॅम हवा लागते आणि एक ग्रॅम मेणाला १५च्या आसपास, म्हणजे उलट कमीच. हवेची एकूण गरज नव्हे, तर हवा पोचण्याआधी आत काय तयार होतं, हा खरा मुद्दा आहे.

तिसरी पायरी, मोजमापाची. चिमणीमागे पट्टी उभी धरा. वात हळूहळू वर काढा. एका उंचीवर शेंडा फाटल्यासारखा होतो आणि त्यातून काळा धागा निघतो. धागा नाहीसा होईल एवढीच वात खाली घ्या आणि ज्योतीची उंची मिलिमीटरमध्ये वाचा. रॉकेलची प्रत प्रयोगशाळेतही याच तत्त्वावर, ठरावीक दिव्यात तपासतात. भारतीय मानकानुसार ही धूररहित उंची किमान १८ मिमी हवी. घरची चिमणी म्हणजे तो ठरावीक दिवा नव्हे, तेव्हा आकडा अंदाजापुरताच धरा. समजा तुमची उंची २२ आली, तर रॉकेल बहुधा ठीक आहे. बरीच कमी आली तर भेसळ किंवा जाड, वेडीवाकडी वात असू शकते. म्हणून वात सरळ कापून पुन्हा मोजा, मगच रॉकेलला दोष द्या. कंदिलात काच बसवून मोजू नका. काच हवा वर ओढते आणि तीच ज्योत धुराशिवाय बरीच उंच जाते. काच उचलली की धूर सुटतो, तो याचमुळे.

मेणबत्तीची वात वाढू देऊन हेच करा. इथे साखळीचा नियम थोडा अडखळतो. मेणाची साखळी रॉकेलपेक्षा लांब, तरी मेणाची ज्योत सहसा जास्त उंचीपर्यंत निर्धूर राहते. कारण चांगलं पॅराफिन मेण म्हणजे बहुतेक सरळ साखळ्याच असतात, तर रॉकेलमध्ये बेंझिनच्या जातीचे कडीवाले रेणूही मिसळलेले असतात. त्यांना कडी बनवायचे कष्टच नाहीत. साखळी एकदा लांब झाली की आणखी लांबीनं फार फरक पडत नाही, कड्यांनी पडतो.

लायटरची छोटी ज्योत धूर सोडत नाही, तेव्हा तिची उंची घरी मोजता येणार नाही आणि मोजायला जाऊही नका. लायटर दहा सेकंदांपेक्षा जास्त पेटता ठेवायचा नाही. प्रयोगशाळेत सरळ नळीतून सोडलेला प्रोपेन साधारण १६ सेंमी उंचीपर्यंत निर्धूर जळतो आणि मिथेन २९ सेंमीच्या आसपास. गोबर गॅसवर हे तपासता येत नाही. त्याच्या बर्नरमध्ये हवा आधीच मिसळलेली असते, शिवाय त्यात कार्बन डायऑक्साइडही बराच असतो आणि तोही काजळी दाबतो.

शेगडीची ज्योत पिवळी दिसू लागली तर हाच चमचा पुन्हा धरा. मीठ किंवा कट उतू गेल्यावर येणारा नारिंगी रंग सोडियमचा असतो, त्यानं चमचा काळा होत नाही. काळा झाला तर हवा कमी पडते आहे. बर्नरची भोकं बुजली असतील किंवा मिक्सिंग नळीत कोळ्याचं जाळं असेल. शेगडी बंद करून, बर्नर थंड झाल्यावर तो काढून सुईनं भोकं साफ करा. तरीही ज्योत पिवळीच राहिली तर जेट आणि हवेची झडप मेकॅनिकलाच पाहू द्या. त्या दोन्हींना घरी हात लावू नये.