तीन आठवडे शून्य विक्री दिसली तेव्हा

पुण्यातील आमच्या सागवानी फर्निचरच्या दुकानाला गूगलवरील जाहिरातीतून चार आठवड्यांत सरासरी दोनच सौदे मिळतात, त्यामुळे तीन आठवडे शून्य दिसताच मी ती बंद करायला निघालो होतो; मात्र दीड सौदा अपेक्षित असताना निव्वळ योगायोगाने शून्य येण्याची शक्यता सुमारे २२ टक्के असते. शिवाय तेथे विक्री क्लिकच्या तारखेवर नोंदली जाते आणि आमचे ग्राहक घरच्यांशी बोलून पाच-सहा आठवड्यांनी बिल करतात, म्हणून ताजे आठवडे रिकामेच दिसणार. क्लिकनंतर किती दिवसांपर्यंतची विक्री नोंदवायची याची मूळ ३० दिवसांची मुदत मी ९० केली. आता विक्री दोन महिन्यांपूर्वीच्या आठवड्यांचीच तपासतो. ताज्या आठवड्यांसाठी माप घ्यायला बोलावणारे मोजतो, नुसता भाव विचारणारे नव्हे.