शून्य गुणांचा जॉबर

भरतीच्या कामात नवीन आहात, चाळणी कशी लावतात ते तुम्हाला शिकवलेलं असेलच. म्हणून फक्त मी जिथे तोंडावर आपटले तेवढंच सांगते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला वीव्हिंग सुपरवायझर हवा होता. मी इंटरनेटवरून तयार कीवर्ड्सची यादी उचलली, सॉफ्टवेअरमध्ये चाळणी लावली, जुळलेल्या शब्दांप्रमाणे प्रत्येक अर्जाला गुण पडले आणि 140 अर्जांतले 19 हातात घेतले. माझे तेव्हाचे सीनियर म्हणायचे, "नाकारलेल्यांत परत डोकावायचं नाही, वेळ जातो." ऐकलं मी. अशा गुरूंचा सल्ला ऐकू नका, बाकी चहा जरूर प्या त्यांच्याबरोबर.

एकोणिसांपैकी दोघे आले, एक आठवड्यात सोडून गेला, दुसऱ्याला लूमजवळ जायचंच नव्हतं. तीन महिने असे गेले. मालकांचा रोज फोन. एका रात्री वैतागून मी नाकारलेली यादी उघडली आणि गुणांप्रमाणे उलटी लावली. तळाशी सहा अर्जांना शून्य.

आता इथे नीट लक्ष द्या. शून्य सहसा कुणालाच पडत नाही. अगदी चुकीच्या माणसाचा अर्जसुद्धा एखाददुसरा शब्द जुळवून चार-पाच गुण घेतोच. चोख शून्य आलं, तर बहुतेक वेळा माणूस नापास झालेला नसतो, मशीनला कागद वाचताच आलेला नसतो. आणि हे कळत का नाही? कारण स्क्रीनवर उघडलं की कागद छान दिसतो. मीही आधी एकदा एक फाईल उघडली होती, सुबक मराठी अक्षरं दिसली, म्हटलं हा मशीनने वाचलाय, नालायक ठरवलाय. पण आपण बघतो ते चित्र. मशीन बघतं ते आतला मजकूर. या वेळी मी तोच मजकूर निवडून नोटपॅडमध्ये टाकला. उतरलं ते असं:

```
lksykiwj
tkWcj
```

झेरॉक्सच्या दुकानात कृती देव फाँटमध्ये टाइप केलेला अर्ज. युनिकोड नाही. त्या फाँटमध्ये वरची ओळ 'सोलापूर' आणि खालची 'जॉबर' दिसते, मशीनला मात्र ती निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. सहापैकी चार अर्ज असेच. उरलेले दोन कोरेलमध्ये केलेले, अक्षरांचे आकार करून टाकलेले. त्यातून नोटपॅडमध्ये काहीच उतरलं नाही. यापेक्षा सोपी परीक्षा नाही, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि मी तीन महिने केली नव्हती.

बरं, युनिकोड असता तरी तो अर्ज माझ्या चाळणीत टिकला नसता, हेही कबूल करते. माझ्या यादीत 'सुपरवायझर' होतं, 'टेक्निशियन' होतं. लूम लावणाऱ्या, बिघाड काढणाऱ्या माणसाला आपल्या सोलापुरात जॉबर म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत! यादीत घालायला सुचलं नाही. तुम्ही निदान शॉपफ्लोअरवर जाऊन दहा मिनिटं ऐका, मग शब्द लिहा.

त्या जॉबरच्या अर्जात 11 वर्षं टेरी, म्हणजे टॉवेलच्या, लूमवरची होती. फोन केला. पलीकडून आधी शांतता, मग, "मॅडम, तीन महिन्यांपूर्वी मेल आला होता की ओ, माहिती काळजीपूर्वक पाहिली म्हणून. कुणी पाहिली होती?"

मी काय बोलणार.

मुलाखतीला मालकांनी एक बाद टॉवेल पुढे टाकला. त्यावर मधेच आडवा पट्टा, तिथले लूप बुटके. आधीचा सुपरवायझर 'सूत खराब' म्हणून मोकळा झाला होता. याने तळहात फिरवला, टॉवेल उलटा केला, मागच्या बाजूला त्याच जागी पुन्हा हात फिरवला. म्हणाला, "दोन्हीकडे बुटकेच आहेत. पाईलचा बीम सुटताना मधेच अडकतोय." मग मला बोटांनी दाखवलं: टॉवेलच्या लूमवर उभ्या सुताचे दोन बीम असतात, जमिनीचा ताणलेला आणि पाईलचा, म्हणजे लूपचा, सैल. पहिले दोन आडवे धागे मागे राहतात, तिसऱ्या ठोक्याला तिन्ही एकदम पुढे सरकतात आणि सैल सुताचे लूप उभे राहतात. त्या सुतावर ताण वाढला की लूप बुटका. लूमवर जाऊन बीमचा ब्रेक बघितला, पकडत होता. दुपारी पट्टा गेला.

लगेच घेतलं त्याला. घाबरू नका, तुमच्याकडूनही असे काही सुटले असतील आणि बहुतेकांना अजून फोन लागतो. सगळ्यांना नाही हं. त्या सहापैकी बाकीच्या पाचांना मी दुसऱ्या दिवशी फोन लावले. दोघे भिवंडीला निघून गेले होते. एकाच्या बायकोने उचलला, म्हणाली, "आता रिक्षा चालवतात ते, संध्याकाळी करा."