दिवसाला किती घरं? सर्वेक्षणाला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

सर्वेक्षणाच्या कामावर रुजू झालं की पहिल्या आठवड्यातच टार्गेट हातात पडतं. माझ्या पहिल्या कामात ते दिवसाला ६ घरं होतं. हिशोब सरळ दिसत होता. फॉर्म भरायला ५५ मिनिटं, कामाचे आठ तास, म्हणजे ६ घरं सहज व्हावीत. पहिल्या तीन गावांत एकदाही तो आकडा गाठता आला नाही आणि मला वाटलं, आपणच संथ आहोत. चूक हिशोबात होती. ती कुठे होती ते अकोले तालुक्यातल्या एका गावाच्या उदाहरणानं सांगते.

गाव राजूरपासून जीपनं तासाभरावर. निवडलेली घरं २०. त्यांतली ११ गावठाणात, बाकीची ९ दोन वाड्यांवर, आणि एक वाडी चढावर. आम्ही दोघी जणी, मुक्काम राजूरला. महिना नोव्हेंबरचा, भाताची कापणी उरकलेली. कागदावर ठरवलं की पहिल्या दिवशी गावठाण, दुसऱ्या दिवशी वाड्या, तिसऱ्या दिवशी पुढचं गाव.

पहिल्या दिवशी आठला निघालो, नऊला पोचलो. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई यांना भेटून पत्र दाखवणं, कशासाठी आलो ते सांगणं, निवडलेली घरं कुठे आहेत ते विचारणं यात दीड तास गेला. हा वेळ वाचवायला जाऊ नका. पोलीस पाटलांना न भेटता घरोघर फिरायला लागलात, तर दुपारपर्यंत कोणीतरी तुम्हालाच गाठून चौकशी करतं आणि त्यात याहून जास्त वेळ जातो. साडेदहाला पहिलं दार वाजवलं. संध्याकाळपर्यंत ११ घरांना जाऊन आलो, फॉर्म झाले ५. सहा घरांत एकतर कुलूप, नाहीतर फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं. दुसऱ्या दिवशी वाड्यांवर ९ घरं पाहिली, झाली ४. दोन दिवसांत २० पैकी ९.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीपची वाट बघत होतो. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या आजींनी विचारलं, "कोणाकडं आला होता ताई?" मी कुलूपबंद घरांची नावं सांगितली. त्या म्हणाल्या, "ती समदी सकाळी सातच्या गाडीनं मजुरीला जात्यात, नारायणगावाकडं. दिवेलागणीला येत्यात." म्हणजे आम्ही नऊला गावात येत होतो आणि पाचच्या जीपनं निघत होतो. त्या घरांची आणि आमची गाठ पडणं शक्यच नव्हतं. असं महिनाभर केलं असतं, तरी ती दारं बंदच दिसली असती. हा प्रश्न पहिल्या दिवशी सकाळी आशाताईंना विचारायला हवा होता: गावातली माणसं कामाला किती वाजता जातात, कधी परततात, बाजार कोणत्या वारी असतो? आता मी घरयादी उघडण्याआधी हे तीन प्रश्न विचारते. बागायती गावात चौथाही विचारते: शेतीपंपाची वीज या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची? रात्रीची असेल, तर माणूस रात्रभर पाणी भरून सकाळी झोपलेला असतो आणि दहाला दार वाजवून उपयोग नसतो.

तिसऱ्या दिवशी बेत बदलला. उशिरा, बाराला पोचलो. दुपारी घरी सापडतील अशी वाटणारी ६ घरं पुन्हा पाहिली, ३ झाली. मग अंगणवाडी सेविकेच्या घरी मुक्कामाचं ठरवलं आणि संध्याकाळी साडेसहापासून ५ घरांना गेलो. चार फॉर्म झाले. दुपारच्या सहा फेऱ्यांपेक्षा संध्याकाळच्या पाच फेऱ्यांनी जास्त दिलं, तेही निम्म्या वेळात. चौथ्या दिवशी सकाळी उरलेल्या ४ घरांना जाऊन आणखी २ झाले. तेव्हा राहिलेल्या दोन घरांपैकी एक कुटुंब ऊसतोडीला गेलं होतं, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतणार. दुसऱ्या घरी कर्ता पुरुष "नंतर या" म्हणत होता. पुढच्या गावाला जाताना वाट वाकडी करून तिथे आणखी दोनदा गेलो, दुसऱ्या वेळी फॉर्म मिळाला.

आता मोजा. २० घरं, ३७ फेऱ्या, १९ फॉर्म. दोघींचे मिळून सात मनुष्यदिवस लागले, म्हणजे माणशी दिवसाला जेमतेम पावणेतीन फॉर्म.

त्यानंतर मी घरांचा हिशोब सोडून फेऱ्यांचा हिशोब करायला लागले. तो असा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा म्हणजे ६०० मिनिटं. जाण्यायेण्याची १२० वजा, जेवण-चहाची ४५ वजा, रिपोर्टिंगची ६० वजा. उरली ३७५. एका पुऱ्या फॉर्मला नुसती ५५ मिनिटं लागत नाहीत. ओळख आणि संमतीची १०, दारातून हलण्याआधी फॉर्म तपासायची ५, पुढच्या घरापर्यंत चालायची १० धरली की ८० होतात. त्यात प्रत्येक फॉर्ममागे एक फुकट फेरी येते. चालत जा, कुलूप बघा, शेजारी विचारा, नोंद करा, यात १५ मिनिटं जातात. म्हणजे फॉर्ममागे ९५ मिनिटं. ३७५ ला ९५ नं भागलं की जेमतेम चार.

पण प्रत्यक्षात पावणेतीनच झाले. सव्वा कुठे गेला? थोडा पहिल्या दिवशीच्या भेटीगाठींत, थोडा चढावरच्या वाडीत. बराचसा मात्र दुपारी बारा ते चारमध्ये गेला. त्या वेळात माझ्याकडे मिनिटं होती, पण समोर बोलायला माणूस नव्हता. भागाकार करताना आपण धरून चालतो की आपली सगळी मिनिटं सारखीच उपयोगाची आहेत. मजुरीच्या गावात तसं नसतं. म्हणून अशा गावासाठी मी आता माणशी दिवसाला ३ धरते आणि २० घरांना दोघींचे चार दिवस मागते. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे घरं लागून आहेत आणि गृहिणी घरी सापडतात, तिथे ४ किंवा क्वचित ५ होतात. शहरातल्या मोठ्या सोसायट्यांत चालणं वाचतं, पण गेटवर परवानगी मिळवण्यात आणि नोकरदारांच्या रविवारची वाट बघण्यात ते वाचलेलं सगळं जातं.

दुपारचे ते तास रिकामे ठेवायचे नाहीत. रिपोर्टिंग तिथे सरकवा. आधी आम्ही रात्री मुक्कामावर जाऊन फॉर्म तपासायचो. तेव्हा एखाद्या घरातल्या मुलीचं वय राहिलेलं दिसायचं आणि तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी व्हायची. आता दुपारी देवळाच्या ओसरीवर बसून दोघी एकमेकींचे फॉर्म तपासतो. काही राहिलं असेल, तर दोन गल्ल्या ओलांडून विचारून येता येतं. रात्रीसाठी फक्त टॅबमधले फॉर्म ऑफिसला पाठवणं, म्हणजे सिंक, उरतं. गावात रेंज नसेल, तर तेही परतीच्या वाटेवर रेंज मिळते तिथे थांबून करायचं. पॉवर बँक विसरलात, तर संध्याकाळचा सगळ्यात कमाईचा वेळ टॅब बंद पडल्यामुळे जातो. माझा एकदा गेला आहे.

पुन्हा जायच्या घरांची, म्हणजे कॉलबॅकची, नोंद नीट हवी. "घरी नाही" एवढंच लिहिलं, तर दुसरी फेरीही आंधळीच होते. मी घराच्या नावापुढे तीन गोष्टी लिहिते: कोणत्या वेळी गेले, कोणाला विचारलं आणि ते काय म्हणाले. "११.१० वा., शेजारच्या काकू, दोघं मजुरीला, ७ नंतर" एवढं पुरतं. पुढची फेरी वेगळ्या वेळी मारायची. सकाळी अकराला तीनदा गेलात, तर बंद घरी तीनदा जायच्या नियमाच्या फेऱ्या भरतात, पण प्रत्यक्षात ती एकच फेरी असते. दिवस संपताना ताळा बसवा: दिलेली घरं बरोबर झालेली, अधिक पुन्हा जायची, अधिक नकार, अधिक कायमची बंद. एक घर कुठल्याच रकान्यात नसेल, तर त्याच रात्री शोधा. आठवड्यानंतर ते आठवत नाही.

आता त्या मोहाबद्दल, जो प्रत्येकाला होतो. बंद घराच्या शेजारचं दार उघडं असतं, आतली बाई "या ना, बसा" म्हणते आणि संध्याकाळचा आकडा डोळ्यांसमोर असतो. शेजारचं घर घेतलं तर काय बिघडलं? त्या गावात आम्ही असं केलं असतं, तर सातच्या गाडीनं जाणारे मजूर यादीतून गळले असते आणि घरी असणारे म्हातारे, दुकानदार, नोकरीच्या पगारावर चालणारी घरं वाढली असती. मग अहवालात गावाची मजुरी कमी दिसली असती, आणि ती का कमी दिसते ते कोणालाही कळलं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर गाव किंवा वस्तीमागे साधारण २२ घरं निवडतात. घर बंद असेल तर पुन्हा पुन्हा जायचं असतं, बदली घर घ्यायची मुभा नसते. त्यामागचं कारण हेच.

टार्गेट अशक्य असलं की त्याच्या खुणा माहितीतच उमटतात आणि सुपरवायझर झाल्यावर मी त्याच आधी बघते. सकाळचे फॉर्म ५५ मिनिटांचे आणि शेवटचा २५ चा असेल, तर शेवटच्या घरी प्रश्न विचारलेले नाहीत, अंदाजानं भरलेत. घरातली माणसं दिवसभरात ५ वरून ३ वर यायला लागली, तर सदस्य गाळले जात आहेत, कारण माणूस कमी तर प्रश्न कमी. लहान मुलांचा वेगळा भाग ५ वर्षांखालच्यांसाठी असेल, तर ५ आणि ६ वर्षांची मुलं अचानक जास्त आणि ४ वर्षांची कमी दिसू लागतात. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना लांब प्रश्नावली असेल, तर पन्नाशीच्या बायका वाढतात. असं दिसलं की मी आधी ते फॉर्म भरणाऱ्या मुलीचं दिवसाचं टार्गेट बघते, मग तिच्याशी बोलते. बहुतेक वेळा तिला ५ किंवा ६ घरं दिलेली असतात आणि गाव वाड्यांचं असतं.

ऑफिसकडे जास्त दिवस मागताना "जमत नाही" म्हणून चालत नाही. मी गावनिहाय एक कागद देते: घरं किती, वाड्या किती, पोचायला किती वेळ, माणसं घरी कधी असतात, शेवटची गाडी कधी आणि मुक्काम लागेल का. मुक्कामाचा भत्ता आधीच मंजूर करून घ्या. दोन मुलींनी अंधारात अनोळखी वाडीवर फिरायचं असेल, तर सोबत आशाताई किंवा सेविका हवी, आणि राहायची जागा दुपारीच ठरलेली हवी. ते ठरलेलं नसेल, तर संध्याकाळच्या फेऱ्या बेतात धरू नका आणि त्यांच्यामुळे कमी होणारा आकडा आधीच कळवा. अकोल्याच्या त्या गावाचा कागद मी सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीच्या टीमला दिला. त्यावर सगळ्यात वर लिहिलं होतं: गाडी सकाळी ७ ला जाते, संध्याकाळी साडेसहाला येते.