हिमोफिलियाच्या रुग्णाचा दात काढताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा. ६० किलो वजनाचा, तीव्र हिमोफिलिया ए असलेला रुग्ण घ्या. खालची दाढ काढायची आहे. रक्तविकारतज्ज्ञांनी फॅक्टर आठची, म्हणजे या रुग्णात कमी असलेल्या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, पातळी ५० टक्क्यांवर न्यायला सांगितली, म्हणून ६० × ५० × ०.५ = १५०० युनिट. हिशेब चोख. पण फॅक्टर सकाळी नऊला एका रुग्णालयात टोचतात आणि दाढ दुपारी तीनला दुसरीकडे निघते. फॅक्टर आठ साधारण ८ ते १२ तासांत निम्मा होतो, म्हणजे दाढेला चिमटा लागतो तेव्हा पातळी तिशी-पस्तिशीवर घसरलेली असते. आधी दंतवैद्याची वेळ पक्की करा आणि फॅक्टर त्याच्या अर्धा-एक तास आधी द्या.

त्याहून वाईट म्हणजे वेळ वाचवायला आधी भूल देऊन मग फॅक्टरची वाट पाहणे. खालच्या जबड्याच्या ब्लॉकची सुई खोल जाते; तिथे रक्त साठून घशाकडे पसरलं तर श्वास अडकू शकतो. ज्यांना अर्धा तास थांबवत नाही, त्यांनी ही दाढ हातात घेऊ नये.

इन्हिबिटरची, म्हणजे टोचलेला फॅक्टर निकामी करणाऱ्या प्रतिपिंडाची, तपासणी आधीच करून घ्या. तो असेल तर वरचा हिशेब निरुपयोगी. हिमोफिलिया बी असेल तर फॅक्टर नऊ, आणि गुणक ०.५ ऐवजी किमान १.

दाढ निघाल्यावर खड्ड्यात जिलेटिन स्पंज किंवा ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज, वर विरघळणारे टाके, त्यावर ट्रानेक्झामिक ॲसिडमध्ये भिजवलेला गॉज. तो २० ते ३० मिनिटं चावून धरायचा. दर पाच मिनिटांनी उचलून बघितलं की धरलेली गुठळी त्याच्याबरोबर निघून येते.

दुसरी हमखास चूक तिसऱ्या दिवशीची. रक्त थांबलं म्हणून रुग्ण गोळ्या सोडतो. लाळेत गुठळी विरघळवणारे घटक असतात, म्हणून ट्रानेक्झामिक ॲसिड पाच ते सात दिवस चालूच हवं. या रुग्णाला ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी, लघवीतून रक्त जात असेल तर देऊच नका.

गोळ्या सोडल्या की खड्ड्यावर काळपट, लिबलिबीत, काळजाच्या तुकड्यासारखा गोळा फुगतो आणि त्याच्याखालून रक्त झिरपत राहतं. लोक त्यावर कापसावर कापूस ठेवतात. दाब गोळ्यावर पडतो, जखमेपर्यंत पोचतच नाही. फॅक्टर पुन्हा लागेल का ते तज्ज्ञांना विचारा, गोळा सक्शनने पूर्ण काढा, उजेडात झिरपणारी जागा शोधा, नवा स्पंज भरा, पुन्हा टाका घाला आणि दाबून धरा.

दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. घरच्या डब्यात बहुधा हीच असतात, म्हणून नावं चिठ्ठीवर लिहून द्या.