‘प्रोब’ मागितली की सुरू झाली? इंग्रजी मथळा उलगडायचा कसा

आमच्या प्रतापनगरच्या सोसायटीत इंग्रजी पेपर दोनच घरी येतो. एक माझ्याकडे, दुसरा खालच्या मजल्यावर, कारण तिथली मुलगी राज्यसेवेची तयारी करते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ती पेपर हातात घेऊनच वर आली. “काका, पाणी महाग झालं का? आई केव्हाची बोलून राहिली. आणि हे मीटरचा प्रयत्न काय आहे? काहीच समजून नाही राहिलं.”

मथळा साधारण असा होता: ‘सिव्हिक पॅनल नॉड टू वॉटर रेट हाइक, ऑपोझिशन स्लॅम्स मूव्ह, सीक्स मीटर बिड प्रोब’. तिने डिक्शनरी उघडून पाहिली होती. नॉड म्हणजे मान डोलावणे, हाइक म्हणजे डोंगरातली भटकंती, स्लॅम म्हणजे दार धाडकन आपटणे, बिड म्हणजे प्रयत्न किंवा बोली, प्रोब म्हणजे डॉक्टरांची सळई. अर्थ सगळे बरोबर होते, तरी बातमी हाती लागत नव्हती.

मी काही वर्षं एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर मथळे देण्याचंच काम केलं. तेव्हा तिला जे सांगितलं, तेच इथे क्रमाने मांडतो.

हे शब्द आले कुठून, ते आधी

मथळ्याचा शब्द अर्थाआधी रुंदी बघून निवडला जायचा. खिळे जुळवण्याच्या काळात डेस्कवर अक्षरं मोजायची एक रीत होती. साध्या छोट्या अक्षराला एक माप, आय, एल, टी अशा सडपातळ अक्षरांना अर्धं, आणि एम, डब्ल्यू या जाड्यांना दीड. या हिशोबाने ‘इन्व्हेस्टिगेशन’ साडेदहा मापांचं होतं आणि ‘प्रोब’ पाचाचं. ‘इन्क्रीज’ साडेसात, ‘हाइक’ साडेतीन. ‘अटेम्प्ट’ सहा, ‘बिड’ अडीच. एका कॉलमच्या मथळ्यात मोठ्या टाइपाची दहाबारा अक्षरं मावली तरी खूप, त्यामुळे ‘इन्व्हेस्टिगेशन’ घातलं की ओळ तिथेच संपली. आता पान संगणकावर लागतं, मोजणी कोणी करत नाही, पण सवय तशीच आहे.

मराठी पेपरलाही ही सवय आहे, आपल्याला ती फक्त जाणवत नाही. घरात कोणी कोणाला ‘साकडे’ घालत नाही, चोराला ‘जेरबंद’ करत नाही. नागपूर सुधार प्रन्यासचं ‘नासुप्र’ होतं आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ तर पूर्ण नावानिशी कुठल्याच मथळ्यात मावायचं नाही. 1953 च्या नागपूर कराराला इंग्रजीत सर्रास ‘नागपूर पॅक्ट’ म्हणतात, त्यातला ‘पॅक्ट’ही याच कुळातला, ‘अ‍ॅग्रीमेंट’चा आखूड भाऊ.

पहिली पायरी: क्रियापद शोधा

मथळ्यात ‘अ’, ‘द’, ‘इज’, ‘वॉज’ गाळलेले असतात, त्यामुळे क्रियापद कुठलं हेच आधी हरवतं. खूण अशी की ज्याच्या शेवटी ‘स’ लागलाय तो शब्द आधी तपासायचा. आपल्या मथळ्यात ‘स्लॅम्स’ आणि ‘सीक्स’ ही क्रियापदं आहेत. ‘नॉड’ला ‘स’ नाही, म्हणजे ते नाम आहे: समितीची संमती. क्रियापद वर्तमानकाळात दिसलं तरी घटना बहुधा कालची असते.

पण अनेकवचनालाही ‘स’ लागतो, आणि तिथेच फसगत होते. 2009 मध्ये जपानमधल्या एका इंग्रजी वृत्तसेवेत मथळा आला होता: ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’. वाचणाऱ्याला वाटतं, अपघाताची फुलं ही काय भानगड? खरं क्रियापद होतं शेवटचं ‘ब्लॉसम्स’. जपान एअरलाइन्सच्या 1985 च्या विमान अपघातात जिचे वडील गेले, ती व्हायोलिनवादक आता बहरते आहे, इतकंच सांगायचं होतं. तेव्हापासून अशा फसव्या मथळ्यांना इंग्रजीत ‘क्रॅश ब्लॉसम’ असंच नाव पडलं. पहिलं क्रियापद धरून अर्थ लागला नाही, तर दुसऱ्या ‘स’कडे जावं.

शब्दाच्या शेवटी ‘ड’ असेल तर दिशा उलटते. ‘मिनिस्टर स्लॅम्स’ म्हणजे मंत्र्याने झोडपलं. ‘मिनिस्टर स्लॅम्ड’ म्हणजे बहुतेक वेळा मंत्र्यालाच झोडपलं, मधला ‘वॉज’ जागेअभावी गेलेला असतो. घाईत वाचणाऱ्याची सगळ्यात जास्त चूक इथे होते. ‘हेल्ड’ही याच जातीचा: ‘टू हेल्ड’ म्हणजे दोघे पकडले गेले. पकडले गेले इतकंच, दोषी ठरले असं नव्हे.

दुसरी पायरी: नामांची गाडी शेवटच्या डब्यापासून वाचा

‘मीटर बिड प्रोब’मध्ये तीन नामं एकापाठोपाठ जोडली आहेत. मुलीने ती डावीकडून वाचली म्हणून ‘मीटरचा प्रयत्न’ निघाला. शेवटून सुरू करा आणि प्रत्येक वेळी ‘कशाची?’ विचारा. चौकशी. कशाची? बिडची. कसली बिड? मीटरची. मराठीत प्रत्यय लावले की गाठ सुटते: मीटरच्या ‘बिड’ची चौकशी.

आता ‘बिड’चा अर्थ लावायचा, कारण हा शब्द तीन कामं करतो. शेजारी ‘टू’ आणि क्रियापद असेल किंवा पुढे ‘फॉइल्ड’, ‘फेल्स’ असेल तर तो प्रयत्न. ‘रॉबरी बिड फॉइल्ड’ म्हणजे दरोड्याचा डाव उधळला. जवळपास कोटींचा आकडा, ‘लोएस्ट’, ‘इन्व्हाइटेड’ किंवा एखादी खरेदीची वस्तू असेल तर ती निविदा. आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ‘सिटी बिड्स अड्यू टू बाप्पा’ दिसलं तर निविदाही नाही, प्रयत्नही नाही, तो निरोप आहे. आपल्या मथळ्यात शेजारी मीटर आहे आणि संदर्भ पालिकेचा, म्हणून निविदा. ‘बिड फॉर’ मात्र दोन्हीकडे जातं. तिथे मथळ्यावर विसंबू नये, सरळ बातमी वाचावी.

तिसरी पायरी: गोष्ट कुठवर आली आहे?

माझ्या मते खरी मेहनत इथेच घ्यायला हवी. ‘प्रोब’ हा शब्द ओळीत दिसला की चौकशी सुरू झाली असं मनात बसतं. प्रत्यक्षात त्याच्या आगेमागे जो छोटा शब्द असतो, तो सगळं ठरवतो.

‘प्रोब सॉट’ किंवा ‘सीक्स प्रोब’ ही फक्त मागणी. कोणीही करू शकतो, उद्या मीही निवेदन देऊ शकतो. ‘प्रोब लाइकली’ म्हणजे शक्यता, आणि ती कोण सांगतोय ते बातमीत शोधायचं. ‘प्रोब ऑर्डर्ड’ला अधिकार असलेल्या कुणाचा तरी आदेश लागतो. ‘प्रोब ऑन’ म्हणजे काम चालू आहे. ‘प्रोब फाइंड्स’ इथे कुठे पहिल्यांदा निष्कर्ष येतो. मराठी पेपरात याच पायऱ्या ‘चौकशीची मागणी’, ‘चौकशीचे संकेत’, ‘चौकशीचे आदेश’, ‘चौकशी सुरू’ अशा येतात आणि तिथे आपण गोंधळत नाही, कारण शब्द ओळखीचे असतात.

‘हाइक’लाही हीच शिडी लावा. ‘मल्स हाइक’ म्हणजे विचार चाललाय. ‘हाइक मूटेड’ म्हणजे आपल्याकडच्या पेपरांत प्रस्ताव पुढे आलाय. मग ‘नॉड’ किंवा ‘क्लिअर्ड’, म्हणजे मंजुरी, पण कोणाची? आपल्या मथळ्यात मंजुरी ‘पॅनल’ची, म्हणजे समितीची आहे. सभागृहाचा ठराव बाकी असू शकतो आणि दर कधीपासून हे तर मथळ्यात नाहीच. ‘रोल्ड बॅक’ दिसलं तर झालेली वाढ मागे घेतली. किती वाढ, कशावरून किती, हे ‘हाइक’ कधीच सांगत नाही. पाच टक्क्यांनाही हाइक आणि दुपटीलाही हाइकच.

‘स्लॅम’ची अडचण निराळी. त्यात टीका किती कडक होती ते कळत नाही. “हे योग्य वाटत नाही” एवढं कुणी म्हटलं तरी डेस्कवर त्याचं ‘स्लॅम’ होतं. मीही केलंय, ओळीत चारच मापं उरली होती. न्यायालयाच्या बातमीत तर जास्त सांभाळावं. ‘एचसी स्लॅम्स’खाली कधी लेखी आदेश असतो, कधी सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी बोललेलं एखादं वाक्य. आपल्याकडचे ‘ताशेरे’ असेच दोन्हीला लागतात. पहिल्या परिच्छेदात ‘डायरेक्टेड’ किंवा ‘ऑर्डर्ड’ आहे का ‘ऑब्झर्व्ह्ड’, तेवढं पाहिलं की फरक हाती येतो.

चौथी पायरी: साध्या मराठीत लिहून पहिल्या परिच्छेदाशी ताडा

मुलीला मी पेपराच्या कडेलाच लिहायला लावलं. तिने लिहिलं: “पालिकेच्या समितीने पाण्याचे दर वाढवायला संमती दिली. विरोधकांनी या निर्णयावर टीका केली आणि मीटरच्या निविदेची चौकशी व्हावी अशी मागणी केली.” म्हणजे दर अजून वाढलेले नव्हते आणि चौकशी सुरूच झाली नव्हती. मग पहिला परिच्छेद वाचला आणि तिने कपाळावर हात मारला. डेटलाइन दुसऱ्याच शहराची होती. ‘सिव्हिक’ म्हणजे पालिकेचं, कुठल्या पालिकेचं ते शब्द सांगत नाही, आणि तिच्या आईने सकाळभर उगाच आपल्या मनपाला बोल लावले होते.

सरावाला दोन मथळे देतो, दोन्ही मीच रचलेले. ‘पेरेंट्स रॅप फी हाइक बिड’: इथे ‘रॅप’ क्रियापद, कर्ता अनेकवचनी म्हणून त्याला ‘स’ नाही. शेवटून वाचा: प्रयत्न, वाढीचा, फीच्या. पालकांनी फी वाढवण्याच्या प्रयत्नावर टीका केली, फी वाढलेली नाही. दुसरा: ‘थ्री क्विझ्ड इन लोन फ्रॉड प्रोब’. ‘क्विझ्ड’ला ‘ड’ आहे, म्हणजे तिघांना प्रश्न विचारले गेले. इथे चौकशी खरोखर चालू आहे, पण अटक कोणालाच नाही. ‘क्विझ’ आणि ‘हेल्ड’ यांची अदलाबदल करून शेजाऱ्याला सांगू नका, त्या तिघांपैकी एखादा त्याचा साडूही असू शकतो.