हीट मॅपचा स्क्रीनशॉट: आधी चौकोन, मग रंग

ग्रुपवर शेअर बाजाराच्या हीट मॅपचा, म्हणजे प्रत्येक कंपनी एका रंगीत चौकोनात दाखवणाऱ्या नकाशाचा, स्क्रीनशॉट येतो आणि खाली कुणीतरी लिहितं, "आज बँका हिरव्या." हे खरं आहे का, हे बघायचं तर घटकाभर रंग विसरा आणि चौकोन बघा.

चौकोनाचा आकार बहुधा कंपनीचं बाजारमूल्य दाखवतो, म्हणजे शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर. इंडेक्सच्या नकाशात कधी कधी त्याऐवजी इंडेक्समधलं वजन धरलेलं असतं. शेअर महाग की स्वस्त, आज उलाढाल किती झाली, हे आकारावरून कळत नाही. कोल्हापूरचा माणूस सवयीनं साखर शोधतो. निफ्टी 50 च्या नकाशात साखर कारखाना सापडणारच नाही, कारण त्या पन्नासात एकही नाही. सगळ्या बाजाराच्या नकाशातही त्या कंपन्या कोपऱ्यात, नाव मावणार नाही एवढ्या बारक्या चौकोनांत असतात.

आता रंग. हिरवा म्हणजे आदल्या दिवशीच्या बंद भावापेक्षा वर, लाल म्हणजे खाली. छटेवरून टक्केवारी कळते, पण काळ्या पार्श्वभूमीवर किरकोळ बदल काळपट दिसतो आणि मोठा बदल भडक. पांढऱ्यावर किरकोळ बदल फिका दिसतो. म्हणून खालची रंगपट्टी बघायचीच. बऱ्याचदा ती उणे 3 ते अधिक 3 टक्क्यांवर संपते, मग 3 टक्के पडलेला आणि 9 टक्के पडलेला शेअर एकाच लाल रंगात दिसतात. स्क्रीनशॉट कापताना नेमकी हीच पट्टी जाते.

एक काल्पनिक सेक्टर घेऊ. पाच चौकोन, वजनं 50, 20, 15, 10 आणि 5. सर्वांत मोठा 1.2 टक्के खाली. बाकीचे क्रमानं 1, 1, 0.5 आणि 2 टक्के वर. पाचातले चार हिरवे, आणि भडक हिरवा नेमका सगळ्यात लहान. हिशेब करा: मोठ्यानं सेक्टर 0.60 टक्के खाली ओढला. चौघांनी मिळून 0.20, 0.15, 0.05 आणि 0.10, म्हणजे 0.50 टक्के वर नेला. सेक्टर 0.10 टक्के लालच. हिरवे चौकोन मोजणारा इथंच फसतो.

शेजारचे सगळे शांत आणि एकच चौकोन लालभडक दिसला, तर बातमी शोधण्याआधी त्या दिवशी बोनस किंवा स्प्लिट होता का ते बघा. एकास एक बोनसनंतर भाव साधारण निम्म्यावर येतो, आणि साइटनं जुना भाव दुरुस्त केला नसेल तर तो 50 टक्के पडल्यासारखा दिसतो. पट्टीमुळं आकडा झाकला जातो, म्हणून शंका आली की चौकोनातली टक्केवारी वाचायची.

स्क्रीनशॉटवरची वेळही बघा. सकाळी 9:20 चा नकाशा आणि दुपारी 3:30 चा नकाशा यांत सेक्टरचे रंग उलटेसुद्धा असू शकतात. आणि वर कोपऱ्यात 1D च्या जागी 1W निवडलेलं असेल, तर तो रंग आजचा नाही, आठवड्याचा आहे.