वॉर्डनना पत्र: बद्धकोष्ठतेसाठी मेसमध्ये नेमकं काय मागावं

‘जेवण सुधारा’ एवढंच लिहिलेलं पत्र फाइलीत पडून राहतं, कारण मेसवाल्याला त्यातून काय बदलायचं तेच कळत नाही. मुद्दा नेमका लिहिल्यावर काम झालं:

‘आदरणीय वॉर्डन मॅडम, काही निवासींना बद्धकोष्ठतेचा त्रास आहे. कृपया पीठ न चाळता, कोंड्यासकट वापरावं, रोज एक वाटी, पहिल्या आठवड्यात अर्धी, शिजवलेली कडधान्यं आणि एक फळ द्यावं. पिण्याचं पाणी प्रत्येक मजल्यावर, रात्रीही मिळावं.’

कडधान्यं पहिल्या आठवड्यात अर्धीच वाटी मागा. तंतुमय पदार्थ एकदम वाढले की पोट फुगतं, गॅस होतो, आणि मुलं ताटात टाकतात. पाणी कमी पडलं तर शौच उलट घट्ट होते, म्हणून दोन्ही मागण्या एकाच पत्रात हव्यात. शौचातून रक्त किंवा पोटात तीव्र दुखणं असेल तर आधी डॉक्टर.